'इनकी' म्हणजे कोणाची?

तात्यांचे कान तसे अजून चांगले होते. शेजारच्या खोलीत कुणी पेटीचा भलता सूर दाबला तर ते जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे. पण तोच कान फोनला लावला की पलीकडचं बोलणं त्यांना उशीतून आल्यासारखं यायचं. आणि पलीकडचा हिंदीत बोलत असला तर मग ती उशीही दुहेरी. अशा वेळी ते एकच करायचे. "जी. जी जी. बहुत अच्छा, जी." समोरच्याला वाटायचं, काय समंजस माणूस आहे!

म्हणून त्यांच्या सुनेने त्यांच्या फोनवर एक सोय करून ठेवली होती. फोन चालू असताना हिरवं बटण दाबलं की बोलणं चालेल तसं अक्षरांत उतरायचं. कोण बोललं हे ते सांगत नसे, स्वल्पविराम-पूर्णविराम त्याला ठाऊक नव्हते, पण शब्द बहुतेक बरोबर यायचे. सून ते वाचायची आणि त्याचा मराठीत गोषवारा करून मोठ्या अक्षरांत तात्यांच्या हातात द्यायची.

हे तिचं रोजचंच काम होतं म्हणा. कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ती सारांश विभागात होती. हिंदीत येणाऱ्या तक्रारींची उतरवलेली संभाषणं वाचायची आणि दुरुस्तीला जाणाऱ्या कारागिरांसाठी मराठीत चार ओळी लिहायच्या. कागदावर तीन रकाने: कशाविषयी, काय म्हणणं, आकडे. त्यांच्या मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आकड्याची शंका आली तर त्याच्याभोवती गोल कर आणि ग्राहकाला परत फोन लाव. मनाने आकडा दुरुस्त करायचा नाही. मन हिशेबात कच्चं असतं." कार्यालयात सूनबाईंचे गोल प्रसिद्ध होते. शेजारच्या टेबलावरची तिला 'गोलवाली' म्हणायची.

घरच्या गोषवाऱ्यात मात्र एक रकाना जास्तीचा होता, न आखलेला. कोणी कोणाला काय म्हणून बोललं. कार्यालयात 'जी', 'हुजूर', 'कृपया' सगळं गाळायचं. तात्यांना ते सगळं हवं असायचं. "माणूस काय बोलला ते अर्धं," ते म्हणायचे, "कसा बोलला ते अर्धं. अर्धाच कागद देऊ नकोस मला."

तर झालं असं की तात्यांची पेटी दुरुस्तीला गेली होती. गावातल्या प्रार्थनेच्या सभागृहात दर रविवारी संध्याकाळी बुवा गाऊन निरूपण करायचे. एक ओवी घ्यायची, तिच्यात शिरायचं, गात गात तिचा एकेक पदर उलगडायचा आणि ऐकणाऱ्याला हळूच घरी आणून सोडायचं, असं अडीच तास. त्या अडीच तासांत बुवांच्या डाव्या हाताला तात्या आणि त्यांची पेटी. बुवा बदलले, आधीचे गेले, आताचे आले; तात्या तिथेच. पण मागच्या दोन रविवारी बुवांनी वरचा सूर धरला आणि पेटीचा सूर मध्येच विरून गेला. तात्यांनी भाता जोरात मारला, तर पेटी धापा टाकल्यासारखी फुसफुसली. तिसऱ्या दिवशी तात्या स्वतः रिक्षात पेटी घालून जुन्या बाजारातल्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री हिंदी बोलणारा, दुकान दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. वर पोचेपर्यंत तात्यांना बोलवेना. मिस्त्रीने आधी त्यांना पाणी दिलं, मग पेटीकडे पाहिलं.

आणि बुधवारी सकाळी त्या मिस्त्रीचा फोन आला.

घरात तात्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच. बहिणीला सून 'आत्या' म्हणायची. तात्यांनी दोन मिनिटं "जी जी" केलं, मग फोन आत्यांकडे सरकवला. सरकवताना त्यांना हिरव्या बटणाची आठवण झाली आणि त्यांनी ते दाबलं.

दुपारच्या सुट्टीत सुनेने डबा उघडला आणि फोनवर आलेला मजकूर वाचायला घेतला. त्यातलं मिस्त्रीचं बोलणं असं होतं:

"हाँ बहनजी हम यही कह रहे थे बाबूजी से इनकी उमर हो गई है उनसठ बरस के हैं अब इनकी साँस ठहरती नहीं बीच में छूट जाती है हमने बहुत ध्यान से देखा है आवाज़ तो आज भी बड़ी मीठी है पर अब इनसे ज़ोर मत करवाइए डेढ़ घंटा बहुत है फिर आराम दीजिए और सुर सैंतीस हैं उनतीस ठीक हैं आठ जवाब दे गए वो बदल देंगे परसों पौने चार बजे आ जाइए बाबूजी को सीढ़ियाँ मत चढ़वाइए हम ख़ुद नीचे ले आएँगे"

वाचता वाचता तिचा घास थांबला. इनकी उमर हो गई है. इनकी साँस ठहरती नहीं. तिला तो अरुंद जिना आठवला. तात्या तिथून आले तेव्हा अंगणातच पायरीवर बसले होते. मिस्त्रीने पाहिलं असणार. परका माणूस, पण बघ, किती काळजीने सांगतोय, आणि तेही तात्यांना नाही, बहिणीला. बाजूला घेऊन सांगावं तसं.

आणि 'इनकी' म्हणजे आणखी कोण असणार? 'उसकी' नाही, 'इसकी' नाही. 'इनकी'. ह्यांची. मराठी घरात 'ह्यांची' म्हटल्यावर कुणी विचारतं का, कोणाची म्हणून?

आकडे तिने एकेक करून तपासले. सैंतीस म्हणजे सदतीस. उनतीस म्हणजे एकोणतीस. इथे नवखी माणसं हमखास एकतीस लिहितात. एकोणतीस आणि आठ सदतीस. बेरीज जुळली. पौने चार म्हणजे पावणेचार, सव्वाचार नव्हे. परसों म्हणजे बुधवारपासून धरून शुक्रवार, आणि 'आ जाइए' आहे म्हणजे पुढचाच, मागचा नव्हे. डेढ़ म्हणजे दीड.

राहिला 'उनसठ'. एकोणसाठ. तात्या एकोणसाठ? तात्यांना मागच्या महिन्यात एकोणऐंशी पूर्ण झाली. म्हणजे मिस्त्री 'उनासी' म्हणाला असणार. हे यंत्र उनसठ, उनहत्तर, उनासी यांत नेहमीच गडबडतं. कार्यालयात तिने अशी पन्नास तरी प्रकरणं पाहिली होती. तिथे असतं तर तिने गोल केला असता. पण हे घरचं माणूस. घरच्या माणसाच्या वयाला कुठे गोल करायचा? तिने सरळ एकोणऐंशी लिहिलं.

संध्याकाळी तात्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले आणि तिने कागद त्यांच्या हातात दिला. शिरस्त्याप्रमाणे तीच मोठ्याने वाचू लागली, ते अक्षरांवरून बोट फिरवत होते.

"मिस्त्रींनी आत्यांना आदराने सांगितलं ते असं. तात्यांचं वय झालं आहे, ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचा श्वास टिकत नाही, मध्येच सुटतो. आम्ही त्यांना नीट निरखून पाहिलं आहे. त्यांचा आवाज आजही फार गोड आहे..."

"कोणाचा?" आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "दादाचा आवाज गोड?"

"तसं म्हणालेत ते, आत्या."

"अगं, हा हाक मारतो तेव्हा दूधवाला समजतो फाटकाचं बिजागर वाजलं. गोड म्हणे! त्या मिस्त्रीचे कान आधी दुरुस्त करा, मग पेटी."

"तू गप्प बस गं," तात्या म्हणाले. "फोनवर तूच होतीस ना? काय म्हणाला मग तो?"

"मला काय ठाऊक? साँस साँस म्हणत होता, तेवढं कळलं. मी म्हटलं, हाँ भैया, बरोबर है, सबको होता है."

नेहमी अशा बोलण्यावर तात्या हसायचे. आज ते हसले नाहीत. त्यांचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं होतं. सुनेने जरा हळू आवाजात वाचलं, "पण आता त्यांच्याकडून जोराचं काम करून घेऊ नये. दीड तास पुष्कळ झाला. मग विश्रांती द्यावी."

बाकीचं, सदतीस सूर आणि शुक्रवार आणि पावणेचार, तात्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी कागदाची घडी घातली, ती नीट दाबली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"चांगला माणूस आहे," ते एवढंच म्हणाले. "कसं अदबीने सांगितलंन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर जायच्या गडबडीत असताना त्यांनी तिला हाक मारली. आंघोळ करून, केस विंचरून ते तयार बसले होते.

"पाच मिनिटं आहेत का तुला? बुवांना एक निरोप लिहायचाय. तू लिही, मी सांगतो."

"सांगा."

"लिही. बुवांना सप्रेम नमस्कार. येत्या रविवारपासून साथीला दुसरा कुणी चांगला वादक पाहावा. अडीच तासांच्या निरूपणाला दीड तासाचा साथीदार काही कामाचा नाही. इतकी वर्षं आपण मला शेजारी बसवून घेतलंत, देवाचं गाणं जवळून ऐकायला मिळालं, ह्यात सगळं भरून पावलो. पेटी दुरुस्त होऊन येते आहे. ती सभागृहाला ठेवून घ्यावी. वाजवणाऱ्याने भाता हळू मारावा."

सुनेची बोटं फोनवर थांबली. आत्याही हातातलं पाखडायचं सूप घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"दादा, वेडा झालास का रे? एका मिस्त्रीने काहीतरी सांगितलं आणि तू पेटी देऊन टाकतोस?"

"एका मिस्त्रीने नाही. मागच्या रविवारी माझं मलाच वाटलं. पेटी थकली की मी थकलो, ते कळेना. त्याने ओळखलं, बस." तात्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, रविवार संपल्यावर पेटीवर कापड घालतात तितक्या शांतपणे ते बोलत होते, आणि म्हणूनच सुनेला ते सोसवेना. "वाईट वाटून घ्यायचं नाही कुणी. कधीतरी थांबायचंच. फक्त एक कळत नाही. माझं वय त्याला कुणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"एकोणऐंशी म्हणाला ना तो? बरोब्बर एकोणऐंशी. मी तर वयाचं काही बोललो नाही. अगं तू बोललीस?"

"मी कशाला बोलतेय?" आत्या म्हणाल्या. "तुझं सांगितलं तर माझंही विचारतील."

"मग त्याला कसं कळलं? दिसतो एकोणऐंशीचा, असं म्हणायचं तर माणूस सरळ ऐंशी म्हणतो. आकडा गोल करतो. एकोणऐंशी कोण म्हणेल अंदाजाने?"

सुनेला एकच शब्द ऐकू आला: गोल. तिने तो निरोप तसाच ठेवला, पाठवला नाही, आणि बुधवारचा मजकूर पुन्हा उघडला. उभ्या उभ्या वाचला. मग खाली बसून वाचला.

"तात्या," ती म्हणाली, "तो एकोणऐंशी म्हणालाच नाही."

"काय?"

"इथे उनसठ आहे. एकोणसाठ. मला वाटलं यंत्राची चूक, म्हणून मी मनाने एकोणऐंशी केलं." तिचे कान तापले. "कार्यालयात कधी करत नाही हो मी असं. घरात केलं."

"एकोणसाठ?" आत्या खुदकन हसल्या. "म्हणजे आवाज गोड आणि वय एकोणसाठ. दादा, त्या मिस्त्रीने तुला पाहिलंय कुठे? भलत्याच कुणाला पाहिलं त्याने!"

तात्या मात्र हसले नाहीत. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. वीस... वीस आणि... मग त्यांनी बोटं मिटली.

"सूनबाई, मी वीस वर्षांचा असताना पहिल्या पगारातून काय आणलं होतं, ठाऊक आहे?"

"पेटी. आत्यांनी शंभरदा सांगितलंय. सासूबाईंना आवडायची नाही ती, जागा अडवते म्हणून."

"तेव्हा नवीकोरी होती ती. आता एकोणऐंशीतून वीस काढ."

तिने काढायची गरजच नव्हती. तिची नजर परत मजकुरावर गेली आणि आता तोच मजकूर तिला वेगळा दिसू लागला, उजेडात धरलेल्या कापडाची वीण दिसावी तसा. *हम यही कह रहे थे बाबूजी से, इनकी उमर हो गई है.* बाबूजींना हेच सांगत होतो, की ह्यांचं वय झालंय. अगं, तात्यांना तात्यांविषयी सांगत असता तर 'आपकी' म्हणाला असता, 'इनकी' कशाला? आणि शेवटी बघ: *बाबूजी को सीढ़ियाँ मत चढ़वाइए.* तात्यांचं नाव काढायची वेळ आली तिथे तो सरळ 'बाबूजी' म्हणतो. म्हणजे सगळ्या बोलण्यात बाबूजी एक आणि 'ये' दुसरे. दोघं आहेत. तिने दोघांना एकच करून टाकलं होतं.

"साँस ठहरती नहीं," ती पुटपुटली. "आवाज़ मीठी. भाता. तात्या, हे पेटीविषयी आहे!"

"पेटीला 'इनकी'?" आत्यांनी सूप खाली ठेवलं. "वस्तूला अहो-जाहो? असं कुठे असतं का? आमच्या वेळी 'ह्यांना' म्हटलं की नवरा. पेटीला ह्यांना म्हणाले असते तर घरात दोन नवरे झाले असते!"

"थांबा," सून म्हणाली. "आता मनाने काही करायचं नाही." आणि तिने मिस्त्रीला फोन लावला. आवाज मोठा ठेवला. हिरवं बटण या वेळी पहिल्या 'हॅलो'च्या आधीच दाबलं.

"प्रणाम बिटिया," मिस्त्री म्हणाला. मागे पत्र्यावर कानस घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

तिने आधी नमस्कार केला, मग तात्यांची चौकशी झाली, मग तिने शब्द तोलत विचारलं की काल आपण 'इनकी उमर' म्हणालात, ते कोणाची?

"बाजे की, और किसकी?" मिस्त्री म्हणाला. "पहले ही तो बाबूजी को बताया, बाजा खोला है। अंदर लकड़ी पर बनाने वाले ने पेंसिल से सन लिखा है। हमने गिना, उनसठ बरस। अरे बिटिया, हमसे भी बड़े हैं ये! हम तो चौवन के हैं।"

बाजा म्हणजे पेटी उघडल्याचं जे काही सांगितलं, ते हिरवं बटण दाबायच्या आधीच्या दोन मिनिटांत. तात्यांच्या 'जी जी'मध्ये ते वाहून गेलं होतं.

"और साँस?"

"साँस माने धौंकनी। चमड़ा सूख गया है, जोड़ों से हवा निकलती है। नया चमड़ा लगा रहे हैं। बस, चमड़ा बैठने तक, एक-दो महीने, एक बैठक में डेढ़ घंटे से ऊपर मत बजाइए, और ज़ोर से मत धौंकिए। बीच में ज़रा आराम, फिर बजाइए।"

सुनेने तात्यांकडे पाहिलं. तात्यांना फोनवरचं कळत नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरचं चांगलं कळत होतं. ते खुर्चीच्या पुढच्या कडेला येऊन बसले होते.

"एक बात और," तिने विचारलं. "आप बाजे को 'इनको' कहते हैं?"

मिस्त्री सावकाश बोलला, जणू हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "हमारे पिताजी कहते थे, जिससे भगवान का नाम निकलता है, उसको 'तू' कैसे बोलोगे? तब से आदत है। नया बाजा आए तो 'इसको' कहते हैं। पचास के ऊपर हो जाए, तो 'इनको'।" मग त्याला एकदम काहीतरी उमगलं. "अरे राम! आप लोग समझे बाबूजी की बात है? बाबूजी को हम ऐसा कहेंगे? उनकी साँस तो सीढ़ियों पर फूली थी, इतनी सीढ़ियों पर तो हमारी भी फूलती है! इसीलिए कहा, मत चढ़वाइए।"

फोन ठेवून सुनेने सगळं तात्यांना शब्दशः सांगितलं. 'भगवान का नाम' तिथे आल्यावर तात्यांनी तिला परत एकदा म्हणायला लावलं. मग ते उठले, खिडकीशी गेले आणि बाहेर पाहू लागले. खाली रस्त्यावर पाववाला सायकल ढकलत चालला होता.

"एकोणसाठ वर्षं," ते पाठमोरे म्हणाले, "मी तिला 'हे धूड' म्हणतोय."

"आता नवीन कागद लिहिते," सून म्हणाली. तिने कार्यालयात फोन करून अर्धा तास उशिरा येते म्हणून कळवलं. मुख्य बाईंनी कारण विचारलं. "एका आकड्याला गोल करायचा राहिला होता," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "मग ये सावकाश."

नवा कागद लिहिताना ती अडली ती वेगळ्याच ठिकाणी. मराठीत पेटी ती. 'तिचा श्वास' लिहिलं की मिस्त्रीचा सगळा आदर सांडतो. नुसतं 'त्यांचा श्वास' लिहिलं की पुन्हा कालचाच घोटाळा. आणि तात्यांना अर्धा कागद चालत नाही. दुसरी अडचण 'हम'ची. मिस्त्री दुकानात एकटाच असतो, त्याचं 'हम' म्हणजे 'मी'. काल तिने त्याला 'आम्ही' करून एका माणसाची कंपनी बनवली होती. शेवटी तिने असं लिहिलं:

"मिस्त्रींनी आत्यांना 'बहनजी' आणि तात्यांना 'बाबूजी' म्हणून आदराने सांगितलं. पेटीचा उल्लेख ते आदरार्थी करतात, म्हणून इथेही तसाच केला आहे. पेटीबाईंचं वय झालं आहे. त्या एकोणसाठ वर्षांच्या आहेत (आत पेन्सिलने साल लिहिलं आहे, मिस्त्रींकडून फोनवर खात्री केली). त्यांचा श्वास म्हणजे भाता टिकत नाही, चामडं सुकलं आहे, नवीन लावत आहेत. त्यांचा आवाज आजही फार गोड आहे. चामडं बसेपर्यंत एक-दोन महिने त्यांच्याकडून एका बैठकीत दीड तासाहून जास्त काम घेऊ नये, भाता हळू मारावा. मध्ये विश्रांती द्यावी, मग पुन्हा वाजवावं. सदतीस सुरांपैकी एकोणतीस ठीक, आठ बदलणार. शुक्रवारी दुपारी पावणेचारला यावं. तात्यांना जिना चढायला लावू नये. 'मी स्वतः त्यांना खाली घेऊन येईन.'"

तात्यांनी बोट फिरवत कागद वाचला. "पेटीबाई!" ते म्हणाले आणि आता मात्र असे हसले की फाटकाचं बिजागर चांगलंच वाजलं. आत्यांनी कपाळावर हात मारला. "ऐकलंत? हाच तो गोड आवाज."

"पण सूनबाई, कालचा कागदही मी ठेवणार हो. तो टाकायचा नाही."

"कशाला? चुकलेला आहे तो."

"असू दे. माझ्याविषयी कुणी इतकं अदबीने लिहिलं नव्हतं कधी." त्यांनी खिशातला कालचा कागद काढला, नवा त्याच्यावर ठेवला आणि दोन्हींची मिळून एक घडी घातली. "आणि दीड तासाचं म्हणशील तर, खरं सांगू? दीड तासानंतर माझी पाठ भरून येते. वर्षभर येतेय. कुणाला बोललो नाही."

"बघा!" आत्या म्हणाल्या. "म्हणजे मिस्त्री पेटीचं बोलला तरी अर्धं तुझंच निघालं."

शुक्रवारी पावणेचारला तिघंही रिक्षाने जुन्या बाजारात गेली. तात्या जिन्याखाली थांबले. मिस्त्री दोन्ही हातांनी पेटी धरून, प्रत्येक पायरीवर आधी पायाने चाचपून, उतरला. शेवटच्या पायरीवर तात्या पुढे झाले. पेटी हातात घेण्याआधी त्यांनी जरा थांबून तिच्या झाकणाला बोटं लावून कपाळाला लावली. मिस्त्रीला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने शेजारच्या चहावाल्याचं बाकडं पुसून दिलं, आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधोमध, तात्यांनी एक सूर धरला. अगदी हळू. भाता तीनदा, चारदा. सूर धरला तसा उभा राहिला, मध्ये कुठे सुटला नाही. शेजारच्या दुकानातल्या मुलीने हातातलं माप खाली ठेवलं आणि ऐकत राहिली.

"बाबूजी," मिस्त्री म्हणाला, "अब साँस देखिए इनकी।"

तात्यांना हे नीट ऐकू आलं. समोरासमोर होतं ना.

घरी आल्यावर सुनेने फोन उघडला. तो निरोप अजून तिथेच होता, न पाठवलेला: येत्या रविवारपासून दुसरा कुणी चांगला वादक पाहावा.

"तात्या, ह्याचं काय करू? पुसून टाकू?"

"पूस. नवीन लिही. बुवांना सप्रेम नमस्कार. रविवारी आम्ही येतो. दीड तास झाला की आपण एक अभंग बिनसाथीचा घ्यावा, तेवढी विश्रांती लागेल. मग पुढचा तास पुन्हा साथ."

सुनेने लिहिलं. पाठवायच्या आधी तिचं बोट थांबलं. आता तिला सवयच लागली होती.

"तात्या, 'आम्ही येतो' मधलं 'आम्ही' आदरार्थी आहे, की दोघं?"

तात्यांनी पेटीवर कापड घातलं, कोपरे सारखे केले.

"दोघं," ते म्हणाले. "आकडा नीट लिही."